टी नेटवर्कचे Z पॅरामीटर: उघडं पोर्ट म्हणजे नेमकं काय आणि तिथे काय मोजायचं

प्रश्न: ब्रेडबोर्डवर टी नेटवर्क जोडलंय. डावा हात १ किलोओहम, उजवा हात २.२ किलोओहम, मधला पाय ४७० ओहम. दोन्ही पोर्टना एकेक सप्लाय आहे. पोर्ट २ च्या सप्लायचा नॉब शून्यावर आणून पोर्ट १ ला १० व्होल्ट दिले, तर Z11 साधारण १.३९ किलोओहम येतो, पुस्तकाप्रमाणे १.४७ यायला हवा. V2 तर जवळजवळ शून्यच दिसतो, मग Z21 काढायचा कसा? आणि सूत्रात २.२ किलोओहम का येत नाही? तो तर सर्किटमध्ये आहेच ना?

उत्तर:

पोर्ट २ चा सप्लाय नॉबने शून्य करू नका, त्याची तार टर्मिनलवरून काढा. तुमचे तिन्ही प्रश्न या एका कृतीने सुटतात.

शून्य व्होल्टवर ठेवलेला सप्लाय म्हणजे दोन टर्मिनलमध्ये शून्य व्होल्ट धरून ठेवणारी वस्तू, म्हणजे जवळजवळ शॉर्ट. Z पॅरामीटरला हवी असते ती नेमकी उलटी अट: पोर्टवर व्होल्टेज कितीही असो, करंट शून्य असला पाहिजे. तुमचा १.३९ चा आकडा हेच सांगतो. पोर्ट २ शॉर्ट असेल तर ४७० आणि २२०० ओहम समांतर येतात, त्यांचे ३८७ ओहम होतात, त्यात डाव्या हाताचे १००० मिळवले की १३८७. म्हणजे मोजमाप बरोबर होतं, पण मोजली गेली ती दुसरीच राशी. सगळ्याच सप्लायचं वागणं इतकं स्वच्छ नसतं, हेही ध्यानात ठेवा. बरेच बेंच सप्लाय करंट बाहेर देऊ शकतात, आत घेऊ शकत नाहीत. असा सप्लाय शून्यावर ठेवला की पोर्ट धड शॉर्टही होत नाही आणि धड उघडंही राहत नाही, आणि Z11 चा आकडा या दोन्हींच्या मधलाच कुठलातरी येतो. सप्लायचं आउटपुट बटण बंद करण्यावरही विसंबू नका. काही सप्लायमध्ये ते बटण रिले तोडतं, काहींमध्ये फक्त व्होल्टेज शून्य करतं. तार काढली की शंकेला जागाच राहत नाही.

आता २.२ किलोओहमचं. व्याख्या अशा आहेत, दोन्ही करंट वरच्या टर्मिनलमधून नेटवर्कच्या आत जाताना धन धरून:

```
V1 = Z11*I1 + Z12*I2
V2 = Z21*I1 + Z22*I2

I2 = 0 :  Z11 = V1/I1    Z21 = V2/I1
I1 = 0 :  Z22 = V2/I2    Z12 = V1/I2
```

डाव्या हाताला Za, उजव्याला Zb आणि मधल्या पायाला Zc म्हणू. पोर्ट २ उघडं आहे, म्हणजे Zb च्या उजव्या टोकाला करंटला जायला वाटच नाही. करंट नाही म्हणून Zb वर व्होल्टेज पडत नाही, आणि मधल्या जोडबिंदूवर जे व्होल्टेज असेल ते जसंच्या तसं पोर्ट २ वर येतं. रेझिस्टर सर्किटमध्ये आहे, पण या चाचणीत तो फक्त एक तार आहे. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पोर्ट १ ला १० व्होल्ट देऊन मल्टिमीटरचा एक प्रोब जोडबिंदूवर आणि दुसरा पोर्ट २ च्या वरच्या टर्मिनलवर लावा: ०.००० दिसलं पाहिजे. तिथे काही मिलीव्होल्टही दिसत असतील, तर पोर्ट २ कुठूनतरी करंट घेतंय. शेजारच्या रांगेत घुसलेला जंपर, न काढलेली सप्लायची तार, किंवा दुसरा मीटर अजून लावलेला आहे. प्रयोगाच्या सुरुवातीला ही एक तपासणी केली, तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

म्हणून पोर्ट २ उघडं असताना Z11 = Za + Zc आणि Z21 = Zc. पोर्ट १ उघडं असताना Za ची तार होते, आणि Z22 = Zb + Zc, Z12 = Zc. Zb हिशेबातून गेलेला नाही. तो Z22 मध्ये आहे.

रीडिंगकडे वळू. आधी तिन्ही रेझिस्टर ब्रेडबोर्डवरून काढून मल्टिमीटरने मोजा. ५ टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर असतील तर ४७० लिहिलेला ४५० ते ४९० मध्ये कुठेही असू शकतो, आणि छापील आकड्याशी तुलना करून चूक शोधत बसण्यात वेळ जातो. समजा ते अनुक्रमे ९९२, २१८५ आणि ४६८ ओहम निघाले. आता पोर्ट २ ची तार काढली, पोर्ट १ ला सप्लाय दिला, त्याच्या धन तारेत मिलीअँपिअर रेंजवरचा मीटर घातला. मग पोर्टच्या टर्मिनलवरचं V1, मीटरमधला I1 आणि उघड्या टोकावरचं V2 वाचलं. नंतर सप्लाय पूर्णपणे पोर्ट २ ला नेला, पोर्ट १ उघडं केलं आणि तेच उलट्या बाजूने. रीडिंग साधारण अशी येतील:

```
Port 2 open:  V1 = 10.00 V   I1 = 6.85 mA   V2 = 3.21 V
Port 1 open:  V2 = 10.00 V   I2 = 3.77 mA   V1 = 1.764 V

Z11 = 10.00/6.85 mA = 1460 ohm
Z21 =  3.21/6.85 mA =  469 ohm
Z22 = 10.00/3.77 mA = 2653 ohm
Z12 = 1.764/3.77 mA =  468 ohm
```

Z12 आणि Z21 मध्ये एका ओहमचा फरक आहे तो रीडिंगच्या शेवटच्या अंकाचा, ३.२१ ऐवजी ३.२०५ वाचता आलं असतं तर तो गेला असता. फक्त रेझिस्टर, कपॅसिटर, कॉइल असलेल्या नेटवर्कमध्ये हे दोन आकडे सारखे यायलाच हवेत, आणि ही तुमच्या हातातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. कारण दोन आकडे दोन वेगळ्या जोडणीतून येतात. एका जोडणीतली चूक दुसरीत सहसा तशीच येत नाही. आत ट्रान्झिस्टर किंवा ऑप-अँप असेल तर मात्र ते वेगळे असू शकतात आणि त्यात चूक काही नसते.

Za आणि Zb परत काढायला Zc वजा करतात: १४६० वजा ४६८ म्हणजे ९९२, २६५३ वजा ४६८ म्हणजे २१८५. पण याहून सरळ एक मोजमाप आहे, आणि ते फार कमी जणांच्या वहीत दिसतं. पोर्ट २ उघडं असताना व्होल्टमीटर दोन पोर्टच्या वरच्या टर्मिनलांमध्ये लावा, एक प्रोब पोर्ट १ वर, एक पोर्ट २ वर. Zb वर काहीच पडत नसल्याने मीटर फक्त Za वरचं व्होल्टेज दाखवतो. इथे ते ६.७९ ते ६.८० व्होल्ट असेल, ६.८५ मिलीअँपिअरने भागलं की ९९२ ओहम, वजाबाकी न करता. हे खरं तर चार तारांच्या मोजमापाचंच तत्त्व आहे: करंट एका वाटेने न्यायचा आणि व्होल्टेज करंट नसलेल्या दुसऱ्या तारेने वाचायचं. उघडं पोर्ट म्हणजे नेटवर्कच्या पोटातल्या जोडबिंदूपर्यंत पोचलेली अशी एक तार आहे. नेटवर्क बंद डब्यात असलं आणि जोडबिंदूला हात लावता येत नसला, तरी ही तार बाहेर येतेच.

ही वजाबाकी टाळण्याची गोष्ट केवळ सोयीची नाही. समजा Za १० ओहम आहे आणि Zc १० किलोओहम. Z11 येईल १००१० आणि Z21 येईल १००००. दोन्ही रीडिंगमध्ये एकेक टक्का चूक धरली तरी प्रत्येकी १०० ओहम इकडे-तिकडे. त्यांच्या वजाबाकीतून १० ओहम शोधायचे म्हणजे उत्तर ऋणसुद्धा येऊ शकतं, आणि मग विद्यार्थी ऋण रेझिस्टरचं स्पष्टीकरण शोधत बसतो. वरच्या दोन टर्मिनलांमधलं व्होल्टेज मिलीव्होल्ट रेंजवर थेट वाचलं, तर तेच १० ओहम नीट मिळतात, कारण आता एक टक्का चूक १० ओहमच्या एक टक्का असते. ट्रान्सफॉर्मरच्या समतुल्य टी सर्किटचं असंच असतं: मधला पाय खूप मोठा, दोन्ही हात त्याच्या मानाने बारीक. म्हणून तिथे नुसत्या ओपन सर्किट चाचणीवर भागत नाही. हातांची किंमत शॉर्ट सर्किट चाचणीतून काढतात, तीही दोन्ही हातांची मिळून.

यावरून तुमच्या त्या १.३९ च्या रीडिंगकडे परत येऊ. ते फेकून देऊ नका. पोर्ट २ तारेने नीट शॉर्ट करून पोर्ट १ ची इंपीडन्स मोजली, तर ती Z पॅरामीटरमधून आलीच पाहिजे:

```
Z1sc = Z11 - Z12*Z21/Z22
     = 1460 - 468*468/2653
     = 1460 - 82.6 = 1377 ohm
```

म्हणजे १० व्होल्टला ७.२६ मिलीअँपिअर. ही स्वतंत्र तपासणी आहे, कारण शॉर्ट चाचणीचं एकही रीडिंग चार पॅरामीटर काढताना वापरलेलं नाही. शॉर्टच्या तारेच्या जागी मिलीअँपिअर मीटर ठेवला तर तो १.२८ मिलीअँपिअर दाखवेल. मीटरचे स्वतःचे काही ओहम २६५३ पुढे नगण्य आहेत. मात्र त्या १.२८ चं चिन्ह सांभाळा. करंट पोर्ट २ मधून बाहेर पडतोय, आणि आपण आत जाणारा धन धरला आहे, म्हणून I2 = −१.२८ मिलीअँपिअर. समीकरणात तो धन घातला तर V2 शून्य न येता जवळजवळ ६.८ व्होल्ट येईल, आणि चार पॅरामीटर चुकले असं वाटेल.

कोणी सुचवेल की Z11, Z22 आणि ही शॉर्टची किंमत एवढी तीनच मोजून Zc काढावा, म्हणजे पलीकडच्या पोर्टचं व्होल्टेज वाचायलाच नको. सूत्र बरोबर आहे:

```
Zc = sqrt( Z22 * (Z11 - Z1sc) )
```

पण तुमच्या नेटवर्कला ते सोसत नाही. इथे Z11 आणि Z1sc मधला फरक जेमतेम ८३ ओहम आहे. Z11 मध्ये एक टक्का म्हणजे १५ ओहम चूक झाली तर हा फरक १८ टक्क्यांनी हलतो आणि Zc सुमारे ९ टक्क्यांनी. पलीकडचं व्होल्टेज थेट वाचलं तर तीच एक टक्का चूक एकच टक्का राहते. मधला पाय लहान असेल तेव्हा थेट वाचन, मोठा असेल तेव्हा हे सूत्र. कोणत्या नेटवर्कला कोणती चाचणी, हे Z11 आणि Z21 ची पहिली ढोबळ रीडिंग पाहून ठरवा.

आता मीटरबद्दल, कारण उघडं पोर्ट उघडं न राहण्याचं दुसरं कारण तेच आहे. डिजिटल मल्टिमीटरचा डीसी व्होल्ट रेंजवरचा इनपुट रेझिस्टन्स सहसा १० मेगाओहम असतो. त्याने तुमच्या नेटवर्कवर ०.०३ टक्क्यांहून जास्त फरक पडत नाही. पण अनेक प्रयोगशाळांत काट्याचे मीटर असतात, २० किलोओहम प्रति व्होल्टचे. २.५ व्होल्टच्या रेंजवर असा मीटर म्हणजे ५० किलोओहमचा रेझिस्टर, १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमचा. मीटरच्या या रेझिस्टन्सला Rm म्हणू. तो पोर्ट २ ला लावला की I2 शून्य राहत नाही, −V2/Rm होतो, आणि समीकरणात तो घातला की मोजलेला Z21 खऱ्याच्या Rm/(Rm + Z22) पट येतो. उलट बाजूने मोजताना Z12 हा Rm/(Rm + Z11) पट येतो. तुमच्या सर्किटमध्ये ३.२ व्होल्ट १० च्या रेंजवर वाचले तर Z21 ४६२ ओहम दिसेल, आणि १.७६ व्होल्ट २.५ च्या रेंजवर वाचले तर Z12 ४५५. दोन्ही कमी, आणि एकमेकांशीही न जुळणारे. अशी जोडी वहीत दिसली की नेटवर्कवर शंका घेण्याआधी मीटरवर लिहिलेला ओहम प्रति व्होल्टचा आकडा पाहा आणि वरच्या गुणकाने भागा. दोन्ही ४६८ वर येऊन बसतात. तसं बसलं तर कारण नक्की झालं.

करंट मीटरची चूक वेगळी दिसते. व्होल्टमीटर सप्लायच्या टर्मिनलवर लावला, म्हणजे करंट मीटरच्या अलीकडे, तर Z11 मध्ये करंट मीटरचा रेझिस्टन्स मिसळतो. मिलीअँपिअर रेंजवर ते काही ओहम असतात. मायक्रोअँपिअर रेंजवर १०० ओहम किंवा जास्तही असू शकतात, आणि मग १४६० चे १५६० होतात. Z21 वर मात्र याचा काहीच परिणाम होत नाही, कारण V2 आणि I1 दोन्ही खरेच वाचले जातात. म्हणून Z12, Z21 व्यवस्थित जुळताहेत पण Z11, Z22 दोन्ही सारख्याच ओहमने जास्त येताहेत असं दिसलं, तर व्होल्टमीटरचा प्रोब सप्लायवरून उचलून नेटवर्कच्या टर्मिनलवर आणा. Z11 आणि Z22 चा अंदाज मीटरच्या ओहम रेंजवरही घेता येतो, सप्लाय दोन्हीकडून काढून आणि पलीकडचं पोर्ट उघडं ठेवून. Z12 मात्र ओहम रेंजवर मिळत नाही. ती एका पोर्टचा करंट आणि दुसऱ्या पोर्टचं व्होल्टेज यांची राशी आहे.

पुढच्या प्रयोगात बहुधा मधल्या पायात कपॅसिटर येईल, म्हणून तेवढं सांगून ठेवतो. ४७० ओहमच्या जागी १०० नॅनोफॅरड ठेवला आणि १ किलोहर्ट्झ दिले, तर त्याची रिअॅक्टन्स १५९२ ओहम. Za १००० धरला तर Z11 = १००० − j१५९२, मान १८८० ओहम. Z21 = −j१५९२. एसी मीटरने नुसती माने वाचून वजा केली तर Za २८८ ओहम येईल. इथे कोन मोजावाच लागतो, आणि तो करंटच्या संदर्भात, V1 च्या नव्हे. V2 हे V1 च्या ३२ अंश मागे असतं, पण I1 च्या ९० अंश मागे. १ किलोहर्ट्झला पडद्यावर हे अनुक्रमे ८९ आणि २५० मायक्रोसेकंद दिसतात.

करंटची लाट दिसायला वेगळी युक्ती लागत नाही, वर सांगितलेलीच वापरा. ऑसिलोस्कोपच्या दोन्ही प्रोबची ग्राउंड क्लिप खालच्या सामाईक तारेला, पहिला चॅनेल पोर्ट १ ला, दुसरा पोर्ट २ ला, आणि मॅथमध्ये पहिल्यातून दुसरा वजा. ही वजा झालेली लाट म्हणजे Za वरचं व्होल्टेज, आणि Za शुद्ध रेझिस्टर असेल तर तीच करंटची लाट: व्होल्टला ९९२ ने भागा, कोन तसाच ठेवा. Za माहीत नसेल किंवा त्यात कॉइल असेल, तर पोर्ट १ च्या बाहेर वरच्या तारेत १०० ओहमचा मोजलेला रेझिस्टर घाला आणि वजाबाकी त्याच्या दोन टोकांमधली घ्या. ग्राउंड क्लिप मात्र कधीही वरच्या तारेला लावू नका. दोन्ही क्लिप आतून जोडलेल्या असतात, नेटवर्कचा अर्धा भाग शॉर्ट होतो.

फ्रिक्वेन्सी वाढवत गेलात की उघड्या पोर्टचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, या वेळी प्रोबमुळे. ×१ प्रोबची कपॅसिटन्स केबल धरून १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. ती Zb च्या २.२ किलोओहममधून भरते, म्हणजे Zb मध्ये करंट वाहतो. १ किलोहर्ट्झला हे कळतही नाही, पण १०० किलोहर्ट्झला V2 एवढ्यानेच जवळजवळ ८ अंश मागे पडतं. ×१० वर सरकवलेल्या प्रोबची कपॅसिटन्स १५ पिकोफॅरडच्या आसपास असते आणि तोच कोन साधारण १.२ अंशांवर येतो. हाच दोष असल्याची खूण सोपी आहे: प्रोब ×१ वरून ×१० वर नेला आणि कोन बदलला, तर मोजला जात होता तो तुमचा नेटवर्क आणि प्रोब मिळून.